निवासी विद्यार्थी मार्गदर्शक पदासाठी निवेदन

प्रति,
मा. रेक्टर, मुलींचे वसतिगृह,
कृषी महाविद्यालय, दापोली, जि. रत्नागिरी

विषय: शैक्षणिक वर्ष २०२५-२६ साठी निवासी विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून निवड होण्याबाबत

महोदया,

मी बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी पदवीच्या द्वितीय वर्षात शिकत असून दोन वर्षे याच वसतिगृहात राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक असावा, असे म्हटले आहे. गेले वर्षभर माझ्या मजल्यावरच्या प्रथम वर्षाच्या मुलींसोबत राहिल्यावर हा आकडा मला फार योग्य वाटतो, कारण सहाजणींपैकी कोण आज जेवायला आली नाही, हे विचारावे लागत नाही, दिसते. साठजणींत ते दिसत नाही.

माझे गाव केळशी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मी नववी संपवून दहावीत जाणार होते. आमच्या पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. त्या दिवसांत आमच्या वाडीतल्या एक काकू रोज सकाळी ठरल्या वेळी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात जाऊन उभ्या राहत. त्यांच्याकडे द्यायला फारसे काही नसे, पण त्या येणार हे माहीत असल्यामुळे माझी आजी पहाटेपासून निश्चिंत असे. कुणाची काळजी घ्यायची म्हणजे काय, हे मी प्रथम तिथे पाहिले.

आमच्या वसतिगृहात लातूर, नांदेड, यवतमाळ अशा लांबच्या जिल्ह्यांतल्या मुली मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासाठी दापोलीचा पाऊस, आठ-आठ दिवस न वाळणारे कपडे आणि दोन्ही वेळचा भात हे सगळे एकदम येते. मी शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जाऊ शकते, त्यांना दोन दिवसांच्या सुट्टीत घर गाठता येत नाही. हा फरक पहिल्या वर्षी माझ्या ध्यानातही आला नव्हता. शिमग्याला कोकणातल्या आम्ही सगळ्या गावी निघालो आणि मागे राहिलेल्या मुली व्हरांड्यात उभ्या राहून आमच्या पिशव्या बघत होत्या, तेव्हा तो लक्षात आला. यंदा मी आपली लेखी परवानगी घेऊन आणि त्यांच्या घरच्यांशी फोनवर बोलून दोघींना केळशीला नेले. पालखी दारात आली तेव्हा त्या माझ्या आजीशेजारी ओटीचे ताट धरून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीने आमच्या चुलीवर ज्वारीची भाकरी थापून आजीला खायला घातली.

गेल्या ऑक्टोबरमधला एक प्रसंग मला सविस्तर सांगायचा आहे. परतीचा पाऊस चालू होता. प्रथम वर्षाची एक मुलगी सलग दोन वेळा मेसमध्ये दिसली नाही, म्हणून मी तिच्या खोलीत गेले. ती पांघरूण घेऊन पडली होती, अंग तापलेले होते, डोळे लाल होते आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की तिला उठून बसवत नव्हते. ताप उतरायची गोळी घेतली आहे, सकाळी बरे वाटेल, घरी कळवू नका, असे ती सांगत होती. आठवडाभरापूर्वी भातखाचरातल्या प्रात्यक्षिकाला ती अनवाणी उतरली होती आणि तिच्या टाचेला कापलेले होते, हे मला आठवले. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टोचा जंतू अशाच जखमेतून शरीरात शिरतो आणि ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, हे कोकणात वाढलेल्या माणसाला ऐकून माहीत असते. तिला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. मी लगेच आपल्याला कळवले आणि रात्री साडेदहाला आपण तिला रुग्णालयात नेले. तिथे मी डॉक्टरांना आधी चिखलाचे आणि टाचेच्या जखमेचे सांगितले. त्यांनी रक्त तपासणीला घेतले, पण अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले. तिच्या वडिलांना मी त्या रात्री दर दोन तासांनी फोन केला, सांगण्यासारखे नवीन काही नव्हते तेव्हाही केला. चौथ्या दिवशी ती परत आली. तेव्हापासून शेतातल्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी मी मजल्यावरच्या मुलींच्या पायांना जखमा आहेत का, ते विचारते आणि गमबूट नसलेल्यांना ते मिळवून देते.

मी चुकलेही आहे. एका मुलीला खेड स्थानकावरून पहाटेची गाडी पकडायची होती आणि मी तिला उठवून एसटी स्टँडपर्यंत सोबत करीन, असे सांगितले होते. आदल्या रात्री परीक्षेचा अभ्यास करत बसले आणि मला जागच आली नाही. ती अंधारात फाटकापाशी बॅग घेऊन माझी वाट पाहत थांबली आणि तिची गाडी चुकली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, त्याचे मला अधिक वाईट वाटले. त्या दिवसापासून मी एक छोटी वही जवळ ठेवते. त्यात दिलेला शब्द आणि तो पाळल्याची वेळ लिहिते. जे जमणार नाही, ते आदल्या दिवशीच स्पष्ट सांगते आणि दुसरी सोय लावून देते.

गुप्ततेबद्दलची माझी भूमिकाही आधीच मांडणे मला आवश्यक वाटते. ‘ताई, कुणाला सांगणार नसशील तरच सांगते,’ असे म्हणून मुली बोलायला येतात. घरची अडचण, मैत्रिणीशी झालेले भांडण, नापास झालेला विषय हे माझ्यापाशीच राहील. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा रॅगिंगचा प्रकार असेल, तर मी ते आपल्यापर्यंत आणीन, आणि हे मी त्या मुलीला ती बोलायला लागण्यापूर्वी सांगते. हिवाळ्यात एक मुलगी कित्येक रात्री झोपली नव्हती. हे ऐकूनही ती माझ्याशी बोलली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून आपल्याकडे आलो. मी समुपदेशक नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून टेलिमानसचा १४४१६ आणि राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हे दोन्ही क्रमांक मी मजल्यावरच्या प्रत्येक मुलीच्या मोबाइलमध्ये तिच्यासमोर साठवून घेतले आहेत. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग हा कायद्याने गुन्हा आहे, हेही मी पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगते, कारण ‘इथे असेच असते’ असे समजून गप्प राहणारी मुलगी मला मदत मागायला येत नाही.

माझ्या उपलब्धतेविषयी: तृतीय वर्षाच्या दोन्ही सत्रांत मी वसतिगृहातच राहणार आहे. सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी मला गावात मुक्काम करावा लागेल, त्यामुळे त्या सत्रासाठी मी आज शब्द देत नाही. निवड झाल्यास नव्या मुली येण्याच्या दोन दिवस आधी मी हजर राहीन, पहिले सहा आठवडे शनिवार-रविवारी गावी जाणार नाही आणि रोज रात्री नऊ ते दहा माझ्या खोलीचे दार उघडे असेल. घरी तसे सांगून ठेवले आहे आणि आईची त्याला संमती आहे.

आपली विश्वासू,
अर्जदार विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी
मुलींचे वसतिगृह, दुसरा मजला