अण्णा, मोजून घ्या

चेअरमनसाहेब, संचालक मंडळी, आज अगत्याने आलेले आमचे पिग्मीधारक, वहिनी, आणि आपले सगळे सहकारी, नमस्कार. एल्लरिगू नमस्कार.

अण्णांनी मला सकाळीच बजावलंय, "मॅडम, भाषण आवरतं घ्या, लोकांना शेवटची बस असते." येळ्ळूरची, कंग्राळीची, हिंडलग्याची माणसं समोर बसलीत, त्यांची बस किती वाजता सुटते हे अण्णांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या निरोपाच्या दिवशीही ज्याला दुसऱ्याच्या बसची काळजी, त्या माणसाबद्दल बोलायचं तर आवरतं घेणं अवघड आहे. तरी बघते.

अण्णा जून १९९५ मध्ये आपल्या सोसायटीत आले. त्याआधी वडगावात मागावर बसत होते. वडिलांचा माग, वडिलांची कला, पण धंदा बसला, आणि तिशीतल्या माणसाने हातातला धोटा ठेवून खांद्याला पिग्मीची पिशवी लावली. आज पिग्मी म्हटलं की मशीन, मेसेज, सगळं झटपट. तेव्हा जाड पुठ्ठ्याचं कार्ड, कार्बन घातलेलं पावतीपुस्तक आणि सायकल. पिग्मी ही मूळ आपल्या कर्नाटकातलीच. १९२८ साली उडुपीला सुरू झाली, दिवसाला दोन आणे देखील घ्यायचे. दोन आण्यांसाठी माणूस दारात यायचा, ही त्यातली मोठी गोष्ट. अण्णांनी ती तशीच सांभाळली. पाच रुपये भरणाऱ्या फुलवाल्या मावशींना आणि पाचशे भरणाऱ्या होलसेलवाल्यांना सारखंच "राम राम", आणि पावती दोघांनाही दोन्ही हातांनी.

सायकलीबद्दल सांगायलाच पाहिजे. शहापूर, खडे बाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ, मग टिळकवाडीच्या गेटवर अडकायचं. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, कुठल्या गाडीला कुठलं गेट किती वेळ पडतं हे रेल्वेपेक्षा अण्णांना जास्त माहीत. गेट पडलं की लोक वैतागतात. अण्णा सायकल स्टँडवर लावायचे, शेजारी थांबलेल्याशी बोलायला लागायचे, आणि गेट उघडेपर्यंत त्याचं पिग्मी खातं उघडलेलं असायचं! आपली कितीतरी खाती त्या गेटांनी दिलीत. आज इथं दोघेजण तरी असे बसलेत, मला हसून खुणावताहेत बघा.

आणि आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर अण्णांचा रेनकोट कधी अंगावर नसायचा, तो पिशवीवर असायचा. रोज संध्याकाळी हे दृश्य आम्ही बघितलंय. अण्णा दारात उभे, केसांतून पाणी गळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय, आणि टेबलावर ठेवलेली पिशवी खडखडीत कोरडी. मी एकदा विचारलं, "अण्णा, आजारी पडाल की ओ." तर म्हणाले, "मी वाळतो. नोटा वाळवायच्या म्हटलं तर लोकांना काय सांगू?"

चहाचं वहिनींच्या समोर सांगू की नको? सांगते. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हा अण्णांनी घरी कबूल केलं, दिवसाला दोन चहा. ते खरंच होतं, पण घरातले दोन. बाजारातले त्यात धरलेले नव्हते. प्रत्येक दुकानात अर्धा, नाही म्हटलं तर माणूस नाराज. पुढे त्यांनी तोड काढली. "साखर नको, आणि अर्ध्यातला अर्धा." अजूनही रविवार पेठेत ती ऑर्डर त्यांच्या नावाने चालते.

अण्णांच्या भाषांची पण एक गंमत आहे. रविवार पेठेत कन्नड, दरबार गल्लीत उर्दू, गोव्याहून माल न्यायला आलेल्याशी कोंकणी, आणि सगळं असं अस्खलित की समोरच्याला वाटावं हा आपलाच. पण नोटा मोजायला लागले की ओठ मराठीतच हलायचे. एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. आपल्या गावात भाषेवरून बोलणं पुष्कळ होतं, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांनी त्यावर कधी भाषण केलं नाही. समोरचा ज्या भाषेत अडलाय, त्या भाषेत त्याचा फॉर्म भरून दिला.

२००३ साली मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून इथं लागले तेव्हा मला कन्नडचा गंध नव्हता. काउंटरवर कोणी कन्नड बोललं की घाम फुटायचा. अण्णांनी कॅलेंडरच्या पानामागे मला रोज पाच शब्द लिहून द्यायला सुरुवात केली. पहिला शब्द होता "कूड्री", म्हणजे बसा. मी म्हटलं, मला आधी रुपये, जमा, शिल्लक असलं शिकवा. तर म्हणाले, "आधी माणसाला बसवा. बसला की निम्मं काम झालं." ती पानं मी अजून ठेवलीत. आज काउंटरवर मी कन्नड बोलते, ती अण्णांची कन्नड आहे, थोडी वडगावच्या वळणाची.

मी लागले त्याच्या पुढच्या वर्षीचा ३१ मार्च मी विसरणार नाही. तेव्हा सगळं हातखातं. कीर्द, खतावणी, तेरीज. रात्रीचे नऊ वाजले आणि तेरजेत २७० रुपयांचा फरक. लेजर माझं होतं. तीन वेळा बेरीज केली, फरक तेवढाच. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, वाटलं नोकरी गेली. सगळे जायच्या घाईत. अण्णा तोवर क्लार्क झाले होते, त्यांचं काम संपलं होतं, बॅग खांद्याला लावली होती. ती त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "२७० ला नऊने भाग जातो का बघा." जातो, तीस. "मग पैसे कुठं गेले नाहीत. आकडे उलटे पडलेत. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नऊने भाग जातोच." मग दोघं बसलो, एकेक पान बोटाने सरकत. अण्णा वाचायचे, मी कीर्द बघायची. दहाला दहा कमी असताना सापडलं. १,८५० च्या जागी मी १,५८० लिहिलं होतं. अण्णांनी लाल शाईने दुरुस्ती करून घेतली, शेजारी माझी सही घेतली, आणि वर स्वतःची केली. म्हणाले, "चूक लपवायची नाही, सहीनिशी सुधारायची." दुसऱ्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. आज मी अकाउंट्स बघते. नवीन मुलं कॉम्प्युटरवर फरक शोधत बसतात तेव्हा मी अजून तेच विचारते, नऊने भाग जातो का बघ.

आता ऑगस्ट २०१९. तो पाऊस इथल्या कोणाला सांगायला नको. बळ्ळारी नाल्याचं पाणी घरांत शिरलं, भिंती बसल्या, मागांत पाणी, सुतात पाणी. अण्णांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला आणि बायका पदरात गुंडाळून पिग्मीची कार्डं घेऊन आल्या. काहींचा नुसता लगदा. शाई पसरलेली, नाव नाही, आकडा नाही. एक आजी कार्ड पुढे करून नुसती उभी राहिली, तोंडातून शब्द नाही. तिला वाटत होतं, कार्ड गेलं म्हणजे पैसे गेले.

अण्णांनी "कूड्री" म्हणून तिला बसवलं. मग सगळी टेबलं रिकामी करायला लावली. एकेक कार्ड पंख्याखाली पसरलं, वर पेपरवेट, शिक्के, पंचिंग मशीन, जे मिळेल ते. सगळ्यांची नोंद लेजरमध्ये होतीच, पैसा सुरक्षित होता. पण अण्णा म्हणाले, "लेजर आपलं. तिच्या हातात काय?" चार दिवस बसून त्यांनी नवीन कार्डं स्वतःच्या अक्षरात लिहिली, जुनी शिल्लक एकेकाला वाचून दाखवली आणि मगच हातात दिली. घरातला चिखल तोवर वहिनी आणि मुलं काढत होती. वहिनी, ते चार दिवस तुम्ही आम्हाला दिलेत. त्याचे आभार आमच्याकडून राहून गेले होते, ते आज सगळ्यांसमोर मानते.

ती आजी आज आलेली आहे. तिसऱ्या रांगेत. कार्ड पण आणलंय म्हणे.

वहिनी, एक सावध करून ठेवते. उद्यापासून अण्णा घरी असणार. दूधवाल्याच्या हिशेबात दोन रुपयांचा फरक निघाला तर रात्री जेवण उशिरा होईल. तुम्ही भाजी आणलीत की पावती मागतील. आणि "जेवायला वाढते" म्हणालात तर आधी तुम्हालाच "बसा" म्हणतील, मग स्वतः बसतील. हे शेवटचं मात्र आम्ही खात्रीने सांगतो.

आता एक कबुली द्यायची आहे. अण्णा, गेल्या वर्षी आपल्या शिपायाने एक पिग्मी खातं काढलं, आठवतं? रोज १२० रुपये. तुम्ही त्याची पाठ थोपटलीत, "लग्नाआधी बचत, शहाणा आहेस." मध्ये दोन दिवस भरणा चुकला तर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत, "चहा-वड्याला पैसे आहेत, पिग्मीला नाहीत?" तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला, एक शब्द बोलला नाही. अण्णा, ते पैसे त्याचे नव्हते. आम्ही बाराजण रोज दहा-दहा रुपये काढत होतो. वर्षभर ते रोज तुमच्याच हातात येत होते आणि तुमच्याच सहीने जमा होत होते. चुकलेल्या दोन दिवसांचे २४० आज सकाळी भरले. ३०० दिवस, ३६,००० रुपये, मुद्दल पुरं. त्या पोराला तेवढं जवळ घ्या, वर्षभर तोंड मिटून बसलाय.

व्याज मी काढलंय. आकडा या पाकिटावर आतल्या बाजूने लिहिलाय. तुम्ही तुमचा काढा, जुळला तर ठीक, नाही जुळला तर नऊने भाग जातो का बघू.

शाल आणि श्रीफळ चेअरमनसाहेब देतील. हे पाकीट आम्ही देतो. तीस वर्षं या काउंटरवरून तुम्ही सख्ख्या भावालाही न मोजता पैसे नेऊ दिले नाहीत. "विश्वास आहे हो अण्णा" कोणी म्हटलं की म्हणायचात, "विश्वास असू दे, पण मोजा."

अण्णा, या, पुढे या. आमच्यासमोर मोजून घ्या.