गेटबाहेरची तांबडी: परिपाठातील भाषण

विद्यार्थी मित्रांनो, आज 28 सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन. रेबीजची लस शोधणारे लुई पाश्चर यांचा हा स्मृतिदिन. 1885 साली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला त्यांनी ही लस दिली आणि तो वाचला. आपल्या चौथीतल्या मुलांएवढाच होता तो.

मागच्या गेटबाहेर टपरीजवळ बसणारी तांबडी तुम्ही सगळे ओळखता. तिच्या कानाचं टोक कापलेलं आहे, ते कुणी मारल्यामुळे नाही. नसबंदी करताना, भूल दिलेली असतानाच तेवढं टोक कापतात, म्हणजे पुन्हा तिला पकडावं लागत नाही. त्याच वेळी रेबीजची लसही देतात.

तरी तांबडीसुद्धा कधी गुरगुरते. ती जेवत असताना, झोपलेली असताना हात लावायचा नाही. पिल्लं उचलायची तर मुळीच नाहीत, आई जवळपास असतेच. कुत्रं सायकलच्या मागे लागलं तर जोरात पळवू नका. सायकल थांबवा, उतरा, तिला मध्ये धरून शांत उभे राहा. आपण पळालो की त्यालाही पळावंसं वाटतं. दगड मारणं, शेपटीला फटाक्यांची माळ बांधणं, हा खेळ नाही, गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध 1960 पासून कायदा आहे. आणि तुम्ही मारलेल्या दगडाचा राग ते कुत्रं उद्या तिथून जाणाऱ्या पहिलीतल्या मुलावर काढू शकतं.

उरलेली खिचडी गेटवरून फेकू नका. त्यामुळे कुत्री दारातच गोळा होतात आणि लहान मुलं घाबरतात. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांना कुणी चिडवायचं नाही, हेही मी मनापासून सांगते. घरून भाकरी आणलीत तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन, खेळायच्या जागेपासून आणि रस्त्यापासून लांब घाला. चॉकलेट आणि शिजलेली हाडं कधीच नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, लपवू नका. घरचे रागावतील म्हणून मुलं गप्प बसतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचणं जवळजवळ अशक्य असतं. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. धुऊन झालं की थेट सरकारी दवाखाना, तिथे लस मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची पद्धत कधीच गेली, आता दंडात देतात. डॉक्टरांनी सांगितलेली एकही तारीख चुकवायची नाही.

आज मधल्या सुट्टीत आठवीची मुलं नळाजवळ साबणाने जखम कशी धुवायची ते करून दाखवणार आहेत. पाचवी ते सातवीच्या सगळ्यांनी रांगेत यावं. पालकांसाठीचं पत्रक वर्गशिक्षकांकडे दिलं आहे, ते घरी वाचून उद्या सही घेऊन या.