होटगी रोडच्या बिल्डिंगवरचा बोर्ड – ठरलेलं सगळं एकदा लिहून देतोय

नमस्कार अण्णा,

काल आसरा चौकात उभ्या उभ्या बोलणं झालं, पण उभ्या बोलण्यात उद्या तुम्ही एक म्हणाल मी दुसरं म्हणेन, म्हणून लिहूनच पाठवतोय. नीट वाचा, पटलं तर "मान्य" म्हणून उत्तर द्या, मग वकिलांकडं हेच देऊन स्टॅम्पवर घेऊ आणि रजिस्टर करू. खर्च निम्मा निम्मा. उताऱ्यावर माझं, धाकट्या भावाचं आणि आईचं अशी तीन नावं आहेत, त्यामुळं तिघांच्याही सह्या होतील, एकट्या माझ्या सहीवर काम सुरू करू नका.

जागा दोन. एक, रस्त्याकडून दिसणारी पूर्वेची भिंत, ३० बाय २० म्हणजे ६०० फूट, महिन्याला फुटामागं २५ रुपये, म्हणजे १५,०००. दोन, गच्चीवर २० बाय १० चा बोर्ड, २०० फूट, फुटाला ४५, म्हणजे ९,०००. दोन्ही मिळून २४,०००. गच्चीचा रेट जास्त का असं तुम्ही विचारलंत, तर ओ अण्णा, भिंतीवर रंग नाहीतर फ्लेक्स, विषय संपला, गच्चीवर लोखंड चढतं, रोजची काळजी आमच्या डोक्यावर बसते आणि खाली माणसं राहतात. त्यात कमी होणार नाही. मापापेक्षा बोर्ड मोठा केलात तर वाढीव फुटाचं डबल भाडं आणि आठ दिवसात परत मापात आणायचा, कारण परमिशन त्याच मापाची असणार.

मुदत ३ वर्षं, १ जानेवारी २०२६ ते ३१ डिसेंबर २०२८. दर जानेवारीला भाडं १,५०० नं वाढेल, म्हणजे दुसऱ्या वर्षी २५,५०० आणि तिसऱ्या वर्षी २७,०००. पहिलं वर्ष दोघांनीही सोडायचं नाही, नंतर कुणालाही दोन महिन्यांची लेखी नोटीस. भाडं तीन महिन्यांचं आगाऊ, तिमाही सुरू झाली की ५ तारखेच्या आत खात्यावर, रोख नको. १० तारीख उलटली की दिवसाला १०० रुपये. आमच्याकडं जीएसटी नंबर नाही, त्यामुळं रिव्हर्स चार्जमधे जो काही जीएसटी बसेल तो तुम्ही तुमच्या खिशातून भरायचा, भाड्यातून कापायचा नाही. टीडीएस कापलात तर सर्टिफिकेट वेळेवर द्या एवढंच.

डिपॉझिट दोन वेगवेगळे. भाड्याचं ७२,००० आणि बोर्ड काढण्याचं ५०,०००. दुसरं कशाला ते खाली कळेल.

परमिशनचं. महापालिकेचं आकाशचिन्ह परवाना सगळं तुम्ही तुमच्या नावानं काढायचं, फी तुमची, दरवर्षीचं रिन्यूअल पण तुमचं. आम्ही मालकांचं संमतीपत्र, उतारा आणि टॅक्सची पावती देऊ. स्ट्रक्चरल इंजिनियरचा स्थिरता दाखला आधी, खांब नंतर. होटगी रोड म्हणजे विमानतळाची बाजू, विमानं उडायला लागली आहेत आता, आणि सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमधे याच विमानतळापायी पाडली हे सगळ्या सोलापूरनं बघितलंय, तेव्हा गच्चीवरच्या बोर्डाच्या उंचीला एअरपोर्ट अथॉरिटीची एनओसी लागते का ते तपासून लेखी आणा. परवान्याचं पत्र हातात येईपर्यंत गच्चीवर एक बोल्टसुद्धा मारायचा नाही, गड्ड्याच्या यात्रेआधी बोर्ड लागलाच पाहिजे म्हणून घाई असली तरी. पत्र यायला उशीर झाला तर जानेवारीचं भाडं मी सोडतो, फेब्रुवारीपासून मात्र बोर्ड असो नसो मीटर चालू. परवाना नंबर बोर्डाच्या कोपऱ्यात वाचता येईल असा लिहायचा. बोर्डामुळं घरपट्टी वाढली तर वाढीव रक्कम तुमची, दंड आला तर तोही तुमचाच.

घाटकोपरला १३ मे २०२४ ला काय झालं ते माहितीय, १२० बाय १२० चं होर्डिंग वाऱ्यात पेट्रोल पंपावर पडलं आणि १७ माणसं गेली. आपल्याकडं एप्रिल-मे मधे वळवाचा वारा कसा येतो ते तुम्हाला सांगायला नको, ४३ डिग्रीत दुपार निघते आणि संध्याकाळी पत्रे उडतात. म्हणून दर मार्चला इंजिनियरनं येऊन वेल्डिंग, बोल्ट, गंज बघून नवीन दाखला द्यायचा, तो ३१ मार्चपर्यंत माझ्या हातात नाही आला तर १ एप्रिलला फ्लेक्स उतरवायचा, नुसती फ्रेम ठेवायची. वारा फ्लेक्सलाच धरतो. फ्रेम कॉलमवरच उभी करायची, कठड्याला टेकवायची नाही. फ्लेक्स फाटून लोंबकळला तर २४ तासात खाली. कुणाला लागलं, कुणाची गाडी चेपली तर भरपाई तुमची, त्यासाठी २५ लाखांचा थर्ड पार्टी विमा काढून दरवर्षी कॉपी द्या.

गच्चीवर चार टाक्या आहेत आणि पाणी रोज येत नाही, त्यामुळं पाणी यायच्या दिवशी वेल्डिंग नाही, माणूस वर नाही. बाकी दिवशी आदल्या दिवशी फोन करून चावी न्यायची. उन्हाळ्यात आईच्या कुरडया पसरलेल्या असतात, त्यावरून चाललात तर करार माझ्या हातात राहणार नाही.

लाईटचं मीटर महावितरणकडून वेगळं घ्या. दिवे रात्री १०:३० ला बंद. एलईडी स्क्रीन नाही, समोरच्या घरात लहान मुलं झोपतात.

जाहिरात कशाची ते तुमचं, पण गुटखा, दारू नको, कुठल्याच पक्षाचा डिजिटल नको, वाढदिवसाच्या शुभेच्छाही नको, कुणाचा फोटो लावला आणि कुणाचा नाही यावरून बिल्डिंगवर दगड यायला नकोत. खाली चष्म्याचं दुकान भाड्यानं आहे, त्यामुळं दुसऱ्या चष्मेवाल्याची जाहिरात नाही. जागा दुसऱ्या एजन्सीला फिरवायची नाही.

आता काढायचं. मुदत संपली किंवा नोटीस पुरी झाली की १५ दिवसात फ्रेम, वायर, बोल्ट सगळं काढून न्यायचं. बोल्ट नुसते कापून सोडायचे नाहीत, भोकं भरून वॉटरप्रूफिंग करायचं, भिंत आत्ताच्या रंगात रंगवून द्यायची. काम दिवसा करायचं, खाली रस्त्याला दोरी बांधून माणूस उभा करायचा. पंधरा दिवसांनंतर दिवसाला ८०० रुपये, आणि महिना झाला तरी लोखंड वरच असेल तर मी गॅस कटर लावून काढेन, खर्च त्या ५०,००० मधून, उरलेलं परत, कमी पडलं तर तुम्ही भरायचं. सगळं नीट झालं तर पुढच्या पावसाळ्यात गळती होते का बघून ऑगस्टअखेर ५०,००० पूर्ण परत देईन, भाड्याचं डिपॉझिट मात्र बोर्ड उतरला की आठ दिवसात.

महापालिकेनं मधेच काढायला लावलं तर चूक कुणाची ते बघायचं. परवाना किंवा मापाचा घोळ असेल तर तुमची, भाडं चालू. आमच्या बिल्डिंगच्या कागदात घोळ निघाला तर आमची, त्या दिवसापासून भाडं बंद आणि आगाऊ घेतलेलं परत. भांडण झालं तर सोलापूर कोर्ट.

इंजिनियरचं ड्रॉइंग आणि पॅन कार्डची कॉपी सोमवारपर्यंत पाठवा, डिपॉझिटचे चेक सहीच्या दिवशी.