राउटर बदलला, इंटरनेट कंपनी बदलली, तरी बाहेरून घरात पोचता यायला हवं: इंदूरच्या एका घराची चेकलिस्ट

राजेंद्रनगरच्या घरी काका-काकू दोघंच राहतात. मुलगी पुण्यात, मी वडोदऱ्यात. घरात चार कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा आहे, काकांचा हिशेबाचा डेस्कटॉप आहे आणि टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्या पायवर वायरगार्ड चालतं, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा, व्हीपीएन. दारात कोण आलंय ते आम्ही बाहेरगावाहून बघतो, काकांची एक्सेल फाइल अडली तर इथून उघडतो. आता घरची इंटरनेट कंपनी बदलते आहे आणि राउटरही नवा येतो आहे. त्यासाठी ही यादी केली. आकडे त्या घरचे आहेत, पण क्रम कुठल्याही घराला चालेल.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. बाहेरून घरात यायची वाट बहुतेक वेळा कॅमेऱ्यात किंवा कॉम्प्युटरमध्ये नसते, ती जुन्या राउटरच्या पोटात असते. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, कुठला पोर्ट, म्हणजे आत यायचं कुठल्या क्रमांकाचं दार, कुणाकडे वळवायचा, घराचं बाहेरचं नाव कोण ताजं ठेवतं, हे सगळं तिथे साठवलेलं असतं. नवा राउटर कोरा येतो. वायफाय सुरू होतं, यूट्यूब चालतं, घरातले म्हणतात ‘झालं बुवा एकदाचं’, आणि बाहेरचा रस्ता मात्र बंद असतो. जुन्याची बॅकअप फाइल नव्यात भरता येईल या भरवशावर राहू नका. ती फाइल सहसा त्याच मॉडेलला चालते.

पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न

नव्या कंपनीच्या माणसाला स्पीड विचारायच्या आधी हे विचारा: ‘मला पब्लिक आयपी मिळणार की सीजीनॅटच्या मागे ठेवणार?’ सीजीनॅट म्हणजे अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता. त्यात तुमच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केलं तरी उपयोग नाही, कारण बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. २०१२ पासून यासाठी 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा राखून ठेवलेला आहे. काही कंपन्या 10 ने सुरू होणारा पत्ताही देतात.

फोनवर उत्तर गोल मिळालं तर कनेक्शन लागल्यावर स्वतः तपासा. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP बघा आणि पायवर हे चालवा:

```
curl -4 https://ifconfig.me
```

दोन्ही पत्ते सारखे असतील तर रस्ता मोकळा आहे. वेगळे असतील तर मध्ये आणखी एक नॅट, म्हणजे पत्ता बदलणारा टप्पा आहे. तो कंपनीचा असेल, नाहीतर घरातलाच असेल. घरातला म्हणजे कंपनीचा फायबरचा डबाही राउटरचं काम करतो आणि त्याच्यापुढे तुमचा राउटर पुन्हा तेच करतो. तसं असेल तर कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून देतो. मग पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावं लागतं. ते आणि व्हीलॅन नंबर, दोन्ही टेक्निशियन घरात असतानाच कागदावर लिहून घ्या. तो जिना उतरला की फोनाफोनी सुरू होते.

सीजीनॅट टळतच नसेल तर तीन वाटा आहेत. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या. आयपीव्ही६ मिळत असेल तर ते वापरा. पण तुम्ही जिथून जोडणार तिथेही ते हवं, आणि राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये नियम वेगळा लिहावा लागतो. किंवा टेलस्केलसारखी सेवा घ्या, जिच्यात घरातलं यंत्र स्वतःच बाहेर जोडणी करतं आणि पोर्ट उघडावाच लागत नाही. माझ्या मते घरगुती वापराला तिसरी वाट सगळ्यांत बिनघोर.

जुना राउटर काढायच्या आधी

जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. शक्य असेल तर दोन्ही काही दिवस एकत्र चालू द्या.

बदलाआधीच पायवर टेलस्केल टाकून, दुसऱ्या गावाहून मोबाइल डेटावर जोडून बघा. वायरगार्ड बंद पडलं तरी या दाराने आत जाता येईल. दुसरं दार नसेल तर काकांना टीव्हीमागे वाकून तारा शोधायला लावावं लागतं, आणि त्यांच्या पाठीला ते सोसत नाही.

मग जुन्या राउटरच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा: लॅन, डीएचसीपी, राखीव पत्ते, पोर्ट फॉरवर्डिंग, डीडीएनएस, वायफाय, व्हीपीएन. व्हीपीएन राउटरवरच चालत असेल तर त्याच्या चाव्या आणि प्रोफाइल फाइल्स वेगळ्या उतरवून घ्या. फोटोत त्या येत नाहीत.

नव्या राउटरवर पुन्हा करायच्या सेटिंग्ज

☐ घरातला पत्त्यांचा पट्टा. सगळ्यांत आधी हे. आपल्या घरचा राउटर 192.168.47.1 वर आहे. नवा डबा 192.168.0.1 किंवा 192.168.100.1 घेऊन येईल. त्याला 192.168.47.1 करा, मास्क 255.255.255.0. एवढ्याने निम्मं काम वाचतं, कारण आतल्या यंत्रांना काही बदललंय हे कळतच नाही. 47 हा आकडा मुद्दाम निवडला आहे. पुण्याच्या घरी 192.168.1 चा पट्टा आहे. दोन्हीकडे सारखाच असता तर व्हीपीएन लागूनही पाकिटं पुण्यातच घुटमळली असती.

☐ डीएचसीपी. पत्त्यांचं आपोआप वाटप 192.168.47.100 ते 192.168.47.199. खालचे आकडे ठरलेल्या यंत्रांसाठी.

☐ राखीव पत्ते. मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअर क्रमांकावरून: पाय 192.168.47.10, एनव्हीआर 192.168.47.20, डेस्कटॉप 192.168.47.30, प्रिंटर 192.168.47.40. मॅक सापडत नसेल तर पायवर:

```
ip neigh
```

एनव्हीआरकडे जरा थांबून बघा. त्याच्या मेनूमध्ये पत्ता हाताने भरलेला असतो आणि खाली गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या राउटरचा पत्ता, अशी एक ओळ असते. पट्टा बदलताना पत्ता सुधारला आणि गेटवेची ओळ जुनीच राहिली, तर घरातल्या टीव्हीवर चारही कॅमेरे स्वच्छ दिसतात आणि बाहेरून मात्र काळी चौकट. लोक तासन्‌तास राउटर खोदत बसतात, दोष त्या एका ओळीत असतो. गेटवे 192.168.47.1 हवा. डीएनएसची ओळही त्याच पानावर असते, तीही वाचा.

☐ वायफाय. नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, अगदी लहान-मोठ्या अक्षरांसकट. सुरक्षा WPA2 ठेवा. जुने स्मार्ट प्लग आणि कॅमेरे WPA3 शी जुळत नाहीत. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा बंद करू नका.

☐ पोर्ट फॉरवर्डिंग. फक्त एक: UDP 51820, 192.168.47.10 कडे. जुन्या राउटरवर एनव्हीआरचे आणि रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे TCP 3389 चे नियम दिसले तर ते पुन्हा लिहू नका. उघडा 3389 शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. कॅमेरे आणि डेस्कटॉप, दोन्हीकडे व्हीपीएनमधून जायचं.

☐ डीडीएनएस. घराचं बाहेरचं नाव बदलत्या पत्त्याशी जोडून ठेवणारी ही सेवा. जुना राउटर ते नाव ताजं ठेवत होता, तो बंद पडला की ते नाव जुन्या पत्त्याकडेच बोट दाखवत राहतं. हे काम पायवर न्या, क्रॉन या वेळापत्रकात, दर पाच मिनिटांनी. पुढच्या वेळी राउटर बदलला तरी याला हात लावावा लागणार नाही. जुन्या राउटरवरचं डीडीएनएस बंद करा, नाहीतर दोन्ही कनेक्शनं चालू असताना नाव इकडून तिकडे उड्या मारत राहील.

☐ यूपीएनपी, म्हणजे यंत्रांनी स्वतःहून पोर्ट उघडणं, आणि बाहेरून राउटरचं पान उघडणं. दोन्ही बंद. राउटरचा ॲडमिन पासवर्ड लगेच बदला.

☐ एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. पीपीपीओईवर 1492. वायरगार्ड लागतं, पिंग जातं, पण कॅमेऱ्याचं चित्र किंवा मोठी फाइल मध्येच लटकते असं दिसलं तर दोन्ही टोकांच्या वायरगार्डमध्ये `MTU = 1412` करून बघा.

☐ विंडोजचा डेस्कटॉप. नवा राउटर दिसला की विंडोज ते नवं नेटवर्क समजतं आणि बहुधा पब्लिक ठरवतं. मग फाइल शेअरिंग अडतं. ॲडमिन पॉवरशेलमध्ये बघा, आणि इंटरफेसचं नाव Ethernet असेल तर दुसरी ओळ चालवा:

```
Get-NetConnectionProfile
Set-NetConnectionProfile -InterfaceAlias "Ethernet" -NetworkCategory Private
```

☐ टेलस्केलचा सबनेट. पायवरून पूर्ण घर दाखवत असू तर पट्टा नव्या पट्ट्याशी जुळतो ना ते बघा, आणि पट्टा बदलला असेल तर ॲडमिन पानावर त्याला पुन्हा मंजुरी द्या.

```
sudo tailscale set --advertise-routes=192.168.47.0/24
```

☐ वीज. कंपनीचा डबा, राउटर आणि पाय तिन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डवर. एक जरी बाहेर राहिला तरी वीज गेली की सगळंच गेलं.

तपासणी

घरच्या वायफायवरून तपासू नका. काही राउटर आतून बाहेरच्या नावाने आत येऊ देतात, काही देत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. काकूंच्या मोबाइलचं वायफाय बंद करून, डेटावर, घराच्या ओट्यावर उभं राहूनही चालेल.

आधी घराचं नाव `nslookup` ने बघा. वर `curl` ने दाखवलेला पत्ताच आला पाहिजे. मग वायरगार्ड लावा आणि पायवर:

```
sudo wg show
```

`latest handshake` मध्ये ताजी वेळ दिसली तर पोर्टचं काम झालं. नाही दिसली तर फोनवरचं टनेल एकदा बंद करून चालू करा. वायरगार्ड नावाचा पत्ता टनेल सुरू होताना शोधतं आणि मग तोच धरून बसतं, म्हणून नाव बदलल्यावरही फोन जुन्याच दारावर टकटक करत असतो. पुण्याच्या लॅपटॉपलाही हेच सांगा. हँडशेक होतो आणि एनव्हीआर उघडत नाही, असं झालं तर गेटवेच्या ओळीकडे परत या.

शेवटी नवा राउटर आणि पाय दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा आणि सगळं आपोआप वर येतं का ते बघा. काही राउटरवर सेटिंग लावल्यावर ‘सेव्ह’ वेगळं दाबावं लागतं. ते राहिलं असेल तर इथेच कळतं.

भरलेल्या यादीची एक प्रत राउटरच्या मागे चिकटवा, एक फॅमिली ग्रुपवर पाठवा. दोन्हींत पासवर्ड नकोत. ते काकांच्या वहीत. जुना राउटर आठवडाभर कपाटात ठेवा. त्यानंतर कंपनीला परत करायचा असेल किंवा आर.एन.टी. मार्गावर कुणाला विकायचा असेल तर आधी रीसेटचं बटण दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा. वायफायचा पासवर्ड, पीपीपीओईचं खातं, सगळं त्याच्या आत असतं.