पाइपलाइन आणि कॅश: परीक्षेआधीची उजळणी

या दोन्ही प्रकरणांतली बहुतेक गणितं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: आदर्श CPI १ असताना प्रत्यक्षात किती भर पडली? हॅझर्ड काही सायकल वाढवतो, कॅश मिस काही सायकल वाढवतो. सगळ्यांची बेरीज करायची.

पाइपलाइन

पाच टप्पे: IF, ID, EX, MEM, WB. समजा त्यांना अनुक्रमे ३००, २००, २५०, ३५० आणि १५० ps लागतात आणि टप्प्यांमधल्या रजिस्टरला २० ps. घड्याळ सर्वांत संथ टप्प्यावर ठरतं, सरासरीवर नाही.

```
पाइपलाइनशिवाय = 300+200+250+350+150 = 1250 ps
घड्याळ         = 350 + 20 = 370 ps
100 सूचना      = (5 + 100 - 1) x 370 = 38480 ps
speedup        = 125000 / 38480 = 3.25
```

टप्पे पाच, पण वेग पाचपट नाही. त्याची कारणं तीन: टप्पे असमान आहेत, रजिस्टरचा वेळ जातो आणि सुरुवातीला पाइपलाइन भरायला चार सायकल लागतात. पेपरात कारण विचारलं तर तिन्ही लिहा.

हॅझर्ड आणि उपाय

स्ट्रक्चरल हॅझर्ड म्हणजे एकाच हार्डवेअरसाठी दोन सूचनांची ओढाताण. IF आणि MEM दोघांनाही एकाच सायकलला मेमरी हवी असते, म्हणून सूचनांची आणि डेटाची कॅश वेगळी ठेवतात.

डेटा हॅझर्डवर मात्र वेळ द्या, गुण इथेच आहेत. क्रमाने चालणाऱ्या पाच टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये खरा त्रास RAW चाच. WAR आणि WAW सूचना क्रम सोडून चालू लागल्या की येतात, आणि रजिस्टर रिनेमिंगने जातात. आधीच्या सूचनेचा निकाल लगेच पुढच्या सूचनेला हवा असेल, तर फॉरवर्डिंग नसताना २ स्टॉल (रजिस्टरमध्ये लेखन सायकलच्या पहिल्या अर्ध्यात आणि वाचन दुसऱ्या अर्ध्यात धरून). फॉरवर्डिंग असेल तर ० स्टॉल. अपवाद एकच, `lw`:

```
lw  $t0, 0($s1)
add $t1, $t0, $s2
sub $t3, $s4, $s5
```

`lw` ची किंमत MEM च्या शेवटी हाती येते, `add` ला ती त्याच सायकलच्या सुरुवातीला EX मध्ये हवी असते. वेळेत मागे जाऊन काही फॉरवर्ड करता येत नाही, म्हणून १ स्टॉल. `sub` ला या दोघांशी देणंघेणं नाही. कंपायलरने ती मध्ये सरकवली की स्टॉल गायब. सुरुवातीच्या MIPS R2000 मध्ये तर हार्डवेअर इथे थांबतच नसे, सगळी भिस्त कंपायलरवर.

कंट्रोल हॅझर्ड: ब्रँचचा निर्णय EX मध्ये लागला तर चुकीच्या दोन सूचना आत आलेल्या असतात, त्या रद्द कराव्या लागतात. उपाय म्हणजे निर्णय ID मध्ये घेणं किंवा अंदाज बांधणं. २ बिटांचा प्रेडिक्टर लागोपाठ दोनदा चुकल्यावरच मत पूर्ण बदलतो, त्यामुळे लूपमधून बाहेर पडताना एकदाच चुकतो. १ बिटाचा पुन्हा आत शिरतानाही चुकतो. पाइपलाइन जितकी लांब तितकी ही चूक महाग. इंटेलच्या २००४ च्या प्रेस्कॉटमध्ये ३१ टप्पे होते; २००६ च्या कोअर २ मध्ये ते १४ वर आले.

कॅश

मिस तीन प्रकारचे. पहिल्यांदाच मागितल्यामुळे होणारा कंपल्सरी: ब्लॉक मोठा करा किंवा प्रीफेच करा. जागा न पुरल्यामुळे कपॅसिटी: कॅश मोठी करा. वेगवेगळे ब्लॉक एकाच सेटवर आपटल्यामुळे कॉन्फ्लिक्ट: असोसिएटिव्हिटी वाढवा. प्रत्येक उपायाची किंमत असते. ब्लॉक मोठा केला की मिस पेनल्टी वाढते, असोसिएटिव्हिटी वाढवली की हिट टाइम.

एकत्र गणित

लोड २५%, त्यातल्या ४०% च्या लगेच पुढे वापर, स्टोअर १०%, ब्रँच २०%, त्यातले १०% अंदाज चुकीचे, पेनल्टी २. सूचना-कॅश मिस २%, डेटा-कॅश मिस ५%, मिस पेनल्टी १०० सायकल. हिट टाइम मूळ १ मध्येच धरलेला.

```
लोड     0.25 x 0.40 x 1          = 0.10
ब्रँच    0.20 x 0.10 x 2          = 0.04
सूचना   0.02 x 100               = 2.00
डेटा    (0.25+0.10) x 0.05 x 100 = 1.75
CPI     1 + 3.89                 = 4.89
```

हॅझर्डचे मिळून ०.१४, कॅशचे ३.७५! म्हणून L2 घालू: हिट १० सायकल, L2 चा स्वतःचा मिस दर २०%.

```
नवी पेनल्टी = 10 + 0.20 x 100 = 30
कॅश स्टॉल   = (0.02 + 0.0175) x 30 = 1.125
CPI         = 1 + 0.14 + 1.125 = 2.265
सुधारणा     = 4.89 / 2.265 = 2.16
```

ओळखीचा सापळा: २०% हा L1 मध्ये न सापडलेल्या मागण्यांपैकी आहे, एकूण मागण्यांपैकी नाही. गणितात "लोकल" लिहिलंय की "ग्लोबल" ते आधी पाहा.

पत्त्याच्या विभागणीचं गणित हमखास येतं: ३२ KB, ४-वे, ६४ बाइटचा ब्लॉक, ३२ बिटांचा पत्ता. सेट = 32768 / (64 x 4) = १२८. ऑफसेट ६, इंडेक्स ७, टॅग १९ बिट. इंडेक्स ९ आला तर ४ ने भागायचं राहिलंय.