समतोल नेमका का सरकतो?

ल शातेलिएचं तत्त्व तुम्ही पाठ केलं आहे: समतोलावर ताण दिला की तो कमी होईल त्या दिशेला समतोल सरकतो. 'का सरकतो?' असं विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो. उत्तर Q आणि K या दोन अक्षरांत आहे.

K म्हणजे समतोल स्थिरांक: समतोलातल्या संहती, उत्पादितांच्या अंशात आणि अभिक्रियाकारकांच्या छेदात. Q चं सूत्र अगदी तेच, फक्त त्यात या क्षणाच्या संहती घालायच्या, मग समतोल असो वा नसो. Q हा K पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाते, मोठा असेल तर मागे, सारखे असतील तर समतोल. आता एवढं लक्षात घ्या: संहती किंवा दाब बदलला की Q बिघडू शकतो, K जागचा हलत नाही. तापमान बदललं की खुद्द K बदलतो.

संहतीचं उदाहरण प्रयोगशाळेत केलेलंच आहे.

Fe³⁺ + SCN⁻ ⇌ [Fe(SCN)]²⁺

डावीकडचं Fe³⁺ फिकट पिवळं, SCN⁻ रंगहीन, उजवीकडचं संयुग रक्तासारखं लाल. परीक्षानळीत थायोसायनेटचे दोन थेंब जास्त टाका, लाल रंग गडद होतो, कारण छेद वाढून Q लहान झाला. ऑक्झॅलिक आम्ल टाकलं तर ते Fe³⁺ ला स्वतःशी बांधून घेतं, Q मोठा होतो, अभिक्रिया मागे फिरते आणि लाली उतरते. पदार्थ बाटलीतून बाहेर काढावाच लागतो असं नाही, तो दुसरीकडे गुंतला तरी पुरतं.

दाबाकडे जरा सावकाश बघू, कारण चुका इथेच होतात.

N₂O₄ ⇌ 2NO₂

N₂O₄ रंगहीन, NO₂ तपकिरी. बंद सिरिंजमध्ये हे मिश्रण घेऊन दट्ट्या झटकन आत दाबला तर काय दिसेल? बहुतेक जण म्हणतात, रंग फिका होईल, कारण समतोल कमी मोलच्या बाजूला जातो. प्रत्यक्षात रंग आधी गडद होतो, मग थोडा फिका पडतो, पण पहिल्याइतका फिका कधीच होत नाही.

आकडे घालून पाहा. २५ अंश सेल्सिअसला K_c साधारण ०.००४६ आहे, हिशेबासाठी ०.००५ धरू. सुरुवातीला NO₂ ०.०१० आणि N₂O₄ ०.०२० मोल प्रति लिटर. ०.०१० चा वर्ग भागिले ०.०२०, म्हणजे ०.००५, समतोल आहे. आता आकारमान निम्मं केलं. दोन्ही संहती दुप्पट: ०.०२० आणि ०.०४०. पण अंशात वर्ग आहे, म्हणून Q झाला ०.०१०, K च्या दुप्पट. अभिक्रिया मागे सरकते आणि नवा समतोल येतो तेव्हा NO₂ सुमारे ०.०१४६ असतो. ०.०२० पेक्षा कमी, पण मूळच्या ०.०१० पेक्षा जास्तच. समतोल ताण कमी करतो, पुसून टाकत नाही. हे वर्गसमीकरण वहीत स्वतः सोडवा.

H₂ + I₂ ⇌ 2HI मध्ये दोन्हीकडे वायूंचे दोन-दोन मोल. आकारमान घटवलं की अंश-छेद सारखेच वाढतात, Q हलत नाही, दाबाचा परिणाम शून्य. आकारमान तेच ठेवून आरगॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण कोणाचीच संहती बदलत नाही, म्हणून तिथेही काही होत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला की 'दाब वाढला' एवढंच वाचून पेन चालवू नका.

राहिलं तापमान. N₂O₄ फुटणं ऊष्माग्राही, ΔH सुमारे +५७ किलोज्यूल. याच वायूची बंद नळी गरम पाण्यात धरली की गडद तपकिरी होते, बर्फात ठेवली की खूप फिकी. इथे K च वाढला किंवा घटला. ऊष्मादायी अभिक्रियेत उलटं: तापवाल तर K घटतो.

N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃

अमोनियाची ही अभिक्रिया ऊष्मादायी आहे, ΔH सुमारे −९२ किलोज्यूल, आणि चार मोलचे दोन होतात. म्हणजे दाब जास्त हवा, तापमान कमी. दाब सुमारे २०० वातावरण ठेवतातही. मग तापमान ४५० अंशांच्या आसपास का? कारण थंड ठेवलं तर समतोल छान उजवीकडे, पण तिथे पोहोचायला वेळ इतका लागेल की कारखाना चालणार नाही. लोहाचा उत्प्रेरक वेग वाढवतो, पण दोन्ही दिशांचा सारखाच, त्यामुळे K ला तो हात लावत नाही. 'उत्प्रेरकामुळे अमोनियाचं समतोलातलं प्रमाण वाढतं' असं लिहिलंत तर तो गुण गेला.