दोनदा दुरुस्त होऊनही नादुरुस्त राहिलेल्या स्पीकरबाबत तक्रार अर्ज

दि. १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, बेळगाव

तक्रारदार: मारुती परशराम पाटील, रा. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव
सामनेवाले: १) स्पीकर विकणारे बेळगावातील दुकान, २) त्याच कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर (दोघांची नावे व पत्ते सोबतच्या बिलावर आणि जॉबशीटवर आहेत)

विषय: ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ अन्वये तक्रार

महोदय,

आमच्या वाड्यात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. बरीच मंडळी वयस्कर, मागे बसणाऱ्यांना ऐकू येत नाही. म्हणून १४ जून २०२५ रोजी मी स्वतःच्या पैशाने बॅटरीवर आणि थेट लाइटवरही चालणारा, वायरलेस माइकचा ट्रॉली स्पीकर घेतला. किंमत १०,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. वॉरंटी कार्डावर स्पीकरला एक वर्ष आणि बॅटरीला सहा महिने असे छापलेले आहे.

६ जुलैला, आषाढी एकादशीच्या दिवशी, स्पीकर पहिल्यांदा सलग चालवला. वीसेक मिनिटांनी आवाज फाटायला लागला, करकर झाली आणि स्पीकर बंद. दहा मिनिटे थंड होऊ दिला की परत सुरू, थोड्या वेळाने परत तेच. चार्जर लावून चालवला तरी तसाच बंद पडला. दोष हा एवढाच आहे, आणि सामनेवाल्यांनी तो एकदाही नीट पाहिलेला नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

९ जुलैला तो बसमध्ये घालून सर्व्हिस सेंटरला नेला. जॉबशीट क्र. ११८७. 'वीस मिनिटांनी बंद पडतो' असे मी सांगितले, काउंटरवरच्या मुलाने तक्रारीच्या रकान्यात फक्त 'नो साउंड' लिहिले. मी हटकल्यावर "आतले लोक बघतात" म्हणाला. २४ जुलैला परत मिळाला. शेरा: 'बोर्ड रिसोल्डर, ओके टेस्टेड'. माझ्यासमोर पाच मिनिटे गाणे लावून दाखवले. घरी त्याच रात्री तेविसाव्या मिनिटाला बंद पडला. तो व्हिडिओ मोबाइलमध्ये आहे, मागे भिंतीवरचे घड्याळ दिसते.

४ ऑगस्टला पुन्हा नेला, जॉबशीट क्र. १३६२. या वेळी अर्धा तास चालवून बघा असे मी जॉबशीटवर स्वतःच्या हाताने लिहिले आणि खाली सही केली. २२ ऑगस्टला बोलावले आणि बॅटरी बदलली म्हणून १,४५० रुपये घेतले. खरेदीला तेव्हा अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. थेट लाइटवर चालतानाही बंद पडणाऱ्या स्पीकरला बॅटरी कशी कारण होईल, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. शेरा पुन्हा 'ओके टेस्टेड'. किती वेळ चालवला, याचा कुठेही उल्लेख नाही.

२७ ऑगस्टला गणपती बसले. पहिल्याच आरतीत स्पीकर मेला. पाच दिवस भाड्याचा सेट आणावा लागला, त्याचे २,५०० रुपये गेले, पावती जोडली आहे. घरात गणपती आणि दारात नवा पण मुका स्पीकर, हे पाहताना आईच्या डोळ्यांत पाणी आले.

१ सप्टेंबरला तिसऱ्यांदा गेलो तर 'आत ओल गेली आहे, वॉरंटी बसत नाही' असे सांगून जॉबशीट करायलाच नकार दिला. ओलीचा एक शब्दही आधीच्या दोन्ही जॉबशीटवर नाही. दुकानदार म्हणतात, "विकल्यावर आमचा संबंध संपला." १२ सप्टेंबरला दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. ती पोचल्याचा पुरावा आहे, उत्तर आजवर नाही.

मी याच जिल्ह्यात राहतो आणि खरेदी, दुरुस्ती सर्व दोन वर्षांच्या आत झाली आहे, म्हणून तक्रार या आयोगापुढे व मुदतीत आहे. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी लागू नाही.

माझी मागणी अशी: स्पीकरचे ११,८०० आणि बॅटरीचे १,४५० रुपये परत मिळावेत, भाड्याचे २,५०० मिळावेत, बेळगावच्या फेऱ्या व अर्जाच्या खर्चापोटी २,००० आणि झालेल्या मनस्तापाबद्दल ५,००० रुपये मिळावेत. एकूण २२,७५० रुपये. सामनेवाल्यांनी दोष नाकारल्यास कलम ३८ प्रमाणे स्पीकर तपासणीस पाठवावा, मात्र तो सलग अर्धा तास चालवूनच तपासावा, ही कळकळीची विनंती. स्पीकर जसाच्या तसा माझ्याकडे आहे. २२ ऑगस्टनंतर कोणीही उघडलेला नाही.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड, दोन्ही जॉबशीट, बॅटरीची व भाड्याची पावती, नोटिसीची प्रत, पोस्टाचा पुरावा, व्हिडिओचा पेनड्राइव्ह आणि शपथपत्र जोडले आहे. अर्ज मराठीत लिहिला आहे, आयोगाच्या सोयीसाठी त्याचा कन्नड अनुवादही जोडला आहे.

आपला विश्वासू,
(सही)
मारुती परशराम पाटील
तक्रारदार